वर्गातला सर्वांत बुटका मुलगा: एका आईचं पत्र आणि त्यामागचं प्रकरण

हे प्रकरण एका पत्रापासून सुरू झालं. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मापं मात्र जशी नोंदवली तशीच ठेवली आहेत, कारण या प्रकरणात खरी गोष्ट मापांचीच आहे.

"डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलाला दहा वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झाले. वर्गात तो सगळ्यांत बुटका आहे, मुलींपेक्षासुद्धा. रांग उंचीनुसार लावतात, त्यामुळे पहिला नंबर कायम त्याचा. पूर्वी त्याला त्याचं काही वाटत नसे. हल्ली तो रोज रात्री दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो आणि मला मोजायला लावतो. परवा सकाळपेक्षा रात्री अर्धा सेंटीमीटर कमी भरला तर रडला. म्हणाला, आई, मी लहान होत चाललोय.

सात महिन्यांपूर्वी शाळेत मोजलं तेव्हा कार्डावर १२६.५ लिहिलं होतं. काल मी मोजलं तर तेवढंच भरलं. सात महिन्यांत काहीच वाढ नाही! मी माहिती शोधली, आणि वाचून झोप उडाली. त्याचे बाबा म्हणतात, मीही लहान चणीचा होतो, होईल नीट. पण त्यांच्या भरवशावर किती दिवस थांबू? नातेवाईक विचारतात, याला नीट खायला देता ना. माझ्याकडून काही राहिलंय का? इंजेक्शनं द्यावी लागतील का? उशीर तर झाला नाही ना?"

पत्र दोन पानांचं होतं. मी ते तीनदा वाचलं. आईला ज्या वाक्याची सगळ्यांत जास्त धास्ती होती, तेच मलाही सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. वर्गात बुटका असणं हे काही दुखणं नव्हे. वीस मुलगे एका वर्गात असले तर त्यातला एक सर्वांत बुटका असणारच. शिवाय एकाच वर्गातल्या मुलांच्या वयात अकरा महिन्यांपर्यंत फरक असू शकतो आणि या वयात तेवढ्या महिन्यांत मूल साडेचार सेंटीमीटर वाढतं. हा मुलगा वर्गातल्या लहानांपैकी होता. मुलींचं म्हणाल तर त्या मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी उंची काढतात, त्यामुळे दहा-अकराव्या वर्षी त्या पुढे दिसतातच. यातलं काहीच काळजीचं नाही. पण सात महिन्यांत वाढ शून्य, हे जर खरं असेल, तर ते नक्कीच काळजीचं आहे. वयात येण्याआधीच्या वर्षांत मूल वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर वाढतं. वाढ चारच्या खाली गेली की मी कान टवकारते, आणि पूर्ण थांबली असेल तर वाट बघत बसायचं नसतं.

म्हणून उत्तरात मी धीराचे शब्द फार लिहिले नाहीत, कामं सांगितली. मुलाला घेऊन सकाळच्या वेळी या. लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद, शाळेचं कार्ड आणा. दाराच्या चौकटीवर आधीच्या खुणा असतील तर त्यांचे फोटो काढा आणि प्रत्येक खूण जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजून लिहा. बाबांनीही सोबत यावं, कारण मला त्यांचीही उंची मोजायची आहे. आणि तोवर रोजचं मोजणं बंद करा. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळपेक्षा रात्री उंची एखाद सेंटीमीटरपर्यंत कमी भरते. तो लहान होत नव्हता, दिवसभर उभा राहिला होता, एवढंच.

ते आले. मुलगा चुणचुणीत, पण दवाखान्यात शिरतानाच खांदे पाडलेले. मी त्याला स्टेडिओमीटरखाली उभं केलं. अनवाणी, टाचा, कुल्ले आणि पाठ फळीला टेकलेली, नजर सरळ, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. वरची पट्टी केस दाबून टाळूला लावली. तीनदा मोजलं आणि प्रत्येक वेळी त्याला बाजूला करून पुन्हा उभं केलं. १२६.३, १२६.५, १२६.४. मी १२६.४ लिहिलं. वजन साडेचोवीस किलो, म्हणजे उंचीच्या मानाने व्यवस्थित.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर या वयाच्या मुलाची मधली उंची साधारण साडेअडतीस, म्हणजे १३८.५ सेंटीमीटर येते, आणि तळाची तिसऱ्या पर्सेंटाइलची रेघ साडेसव्वीसच्या, म्हणजे १२६.५ च्या आसपास. त्याच्या वयाची शंभर मुलं उंचीनुसार उभी केली तर तीन त्याच्यापेक्षा बुटकी निघतील. तो बरोबर त्या रेघेवर होता. बुटका खराच, पण तक्त्याबाहेर गेलेला नव्हे.

यानंतर शाळेचं कार्ड घेतलं. सात महिन्यांपूर्वी १२६.५, आज १२६.४. आईचा चेहरा उतरला. मग मी चौकटीच्या खुणांचा कागद मागितला. या आईने प्रत्येक वाढदिवसाला पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली होती. सातव्या वाढदिवसाला १११.५, आठव्याला ११६.५, नवव्याला १२१, दहाव्याला १२५.५. वर्षाला पाच, साडेचार, साडेचार.

आता शाळेचं माप या खुणांमध्ये बसवून बघा. नवव्या वाढदिवसाला १२१ असलेला मुलगा सात महिन्यांनी १२६.५ झाला, म्हणजे साडेपाच सेंटीमीटर वाढला. मग पुढच्या पाच महिन्यांत, दहाव्या वाढदिवसापर्यंत, तो एक सेंटीमीटर घटला! मूल असं वाढत नाही, आणि घटत तर मुळीच नाही. चौकटीच्या हिशेबाने त्या वेळी त्याची उंची १२३.६ च्या आसपास असायला हवी होती. म्हणजे जवळजवळ तीन सेंटीमीटर कुठून तरी जास्तीचे आले होते.

"शाळेत मोजताना बूट काढायला सांगितले होते का रे?" मी विचारलं.

"नाही. सगळ्यांना भिंतीला उभं केलं आणि पटापट मोजलं."

त्या दिवशीही तो तेच बूट घालून आला होता. मी एक बूट टेबलावर आडवा ठेवला आणि आतून टाचेपासून जमिनीपर्यंतची जाडी पट्टीने मोजली. पावणेतीन सेंटीमीटर भरली. आई त्या पट्टीकडे बघत राहिली आणि मग तिने पदराने डोळे पुसले. सात महिने थांबलेली वाढ त्या टाचेत होती.

हे सांगताना शाळेला दोष द्यायचा माझा हेतू नाही. शेकडो मुलं एका सकाळी मोजायची असतात. पण वाढीचा वेग म्हणजे दोन मापांची वजाबाकी असते, आणि दोन्ही मापांतली चूक त्या वजाबाकीत येऊन बसते. नीट मोजलं तरी प्रत्येक मापात तीन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे होतात. दोन महिन्यांत मूल वाढतं आठ मिलिमीटर. एवढी वाढ चुकीच्या पोटात सहज गडप होते. म्हणून दोन मापांत निदान सहा महिन्यांचं अंतर हवं, वर्षाचं असेल तर उत्तम, आणि मोजण्याची जागा, वेळ, पद्धत तीच हवी. आईची चौकट यात शाळेच्या कार्डापेक्षा सरस ठरली, कारण ती हलली नव्हती आणि प्रत्येक वेळी मोजणारा हात एकच होता.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण पालकांशी बोलताना हाच मुद्दा हातातून निसटतो. समजा, माझ्यासमोर दोन मुलं आहेत. वय तेच, उंची दोघांचीही १२६.४. पहिला म्हणजे हाच मुलगा, सातव्या वर्षापासून तिसऱ्या रेघेला धरून चाललेला. दुसरा सातव्या वर्षी ११८ होता, म्हणजे शंभरातल्या पंचवीस जणांच्या वर. पुढच्या वर्षी तो चार सेंटीमीटर वाढला, मग तीन, मग दीड. आज दोघं एकाच पट्टीखाली उभे राहिले तर वर्गातला कोणीही त्यांना सारखंच चिडवेल. पण दुसऱ्याने वाटेत रेघा ओलांडल्या आहेत. त्याच्या शरीरात काहीतरी बिघडलंय. थायरॉइड मंदावलं असेल तर उंची थांबते आणि वजन मात्र वाढत जातं. आतड्याचा सिलिअॅकसारखा आजार असेल तर बहुतेकदा उंचीबरोबर वजनही मागे पडतं आणि रक्त कमी होतं. ग्रोथ हार्मोन कमी पडत असेल तर मूल बुटकं पण गुटगुटीत दिसतं. सोबत डोकेदुखी, उलट्या किंवा नजर कमी झाल्याची तक्रार असेल तर मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीजवळची गाठ नाही ना, हे तातडीने बघावं लागतं. या दुसऱ्या मुलाची उंची अजून सरासरी असती, तरीही मी त्याच्या तपासण्या केल्या असत्या. तेव्हा वर्गात कितवा, हे मला फारसं कामाचं नाही. स्वतःच्या रेघेवर आहे की ती सोडली, हे कामाचं.

आपल्या मुलाची जुनी वाटही बघितली. जन्माला आला तेव्हा लांबी ४९.५, अगदी मधली. पहिल्या वाढदिवसाला ७४.५. मग उतार लागला. दुसऱ्या वर्षी ८४, तिसऱ्या वर्षी ८९.५. पाचव्या वर्षी १०१.५, आणि तिथून पुढे रेघ धरली ती आजतागायत. आईने हा उतार बघून विचारलं, "मग तेव्हाच काही चुकलं का?" नाही. पोटातली वाढ आईच्या शरीरावर आणि वारेवर अवलंबून असते, जन्मानंतर मूल हळूहळू आपल्या अनुवंशिक वाटेवर येतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत रेघ बदलणं त्यामुळे निरोगी मुलांतही दिसतं. तीन वर्षांनंतर, वयात येईपर्यंत, ती बदलू नये.

त्यानंतर आई-बाबांना पट्टीखाली उभं केलं. आईने पत्रात स्वतःची उंची १५७ लिहिली होती, भरली १५५. बाबा स्वतःला १७२ समजत होते, भरले १७०. जवळजवळ सगळेच एक-दोन सेंटीमीटर जास्त सांगतात, म्हणून मी ऐकीव उंची लिहीत नाही. मुलासाठी हिशेब असा: दोघांच्या उंचीची बेरीज, त्यात १३ मिळवायचे, आणि निम्मे करायचे. १७० आणि १५५ मिळून ३२५, तेरा मिळवून ३३८, निम्मे १६९. याच्या दोन्ही बाजूंना साडेआठ सेंटीमीटर सोडले की बहुतेक मुलं त्या पट्ट्यात येतात. म्हणजे साधारण १६०.५ ते १७७.५.

तरीही एक खटका उरत होता. १६९ ला पोहोचणारा मुलगा दहाव्या वर्षी तिसऱ्या रेघेच्या बराच वर असायला हवा. हा आई-बाबांच्या मानानेही बुटका होता. मग मी बाबांना विचारलं, "तुम्ही उंची कधी काढलीत?" ते इतका वेळ गप्प होते. म्हणाले, शाळा संपली तेव्हाच्या फोटोत मी पहिल्या रांगेत टोकाला आहे, धाकट्या भावासारखा. दाढी एकोणिसाव्या वर्षी करायला लागलो. कॉलेजच्या दोन वर्षांत पँटी दोनदा बदलाव्या लागल्या. मुलगा मान वर करून बापाकडे बघत होता. ही गोष्ट त्याने कधी ऐकलीच नव्हती.

तपासणीत बाकी काही सापडलं नाही. हात-पाय आणि धड यांचं प्रमाण ठीक होतं, थायरॉइडची ग्रंथी हाताला लागत नव्हती. वृषणांचा आकार दोन ते तीन मिलिलिटर होता. मुलग्यांमध्ये वयात येण्याची पहिली खूण म्हणजे हा आकार चार मिलिलिटरला पोहोचणं, आणि उंचीची मोठी उडी त्याच्याही नंतर येते. म्हणजे ही गाडी अजून सुटलीच नव्हती.

तपासण्या मी मोजक्याच सांगितल्या: रक्ताची साधी तपासणी आणि शरीरात कुठे दाह आहे का ते दाखवणारा ईएसआर, थायरॉइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सिलिअॅकसाठी एक रक्तचाचणी आणि डाव्या हाताचा, मनगटासह, एक एक्स-रे. वाढीचा वेग बरा असताना एवढ्याही का, असं कोणी विचारील. तो तिसऱ्या रेघेवर होता आणि आई-बाबांच्या उंचीच्या मानानेही खाली चालला होता. हे आजार काही वेळा दुसरी कुठलीच खूण न दाखवता बसून असतात, म्हणून एवढं बघणं मला रास्त वाटलं. ग्रोथ हार्मोनची तपासणी करा, असा आईचा आग्रह होता. ती मी केली नाही. हे हार्मोन दिवसभर झटक्या-झटक्याने सुटतं, मुख्यतः झोपेत. सकाळी सहज घेतलेल्या रक्तात ते कमी दिसणं हेच स्वाभाविक आहे. खरी तपासणी औषध देऊन, तासन्तास सुई लावून करायची असते. त्यातही वयात यायला उशीर असलेल्या निरोगी मुलाचा निकाल कमी येऊ शकतो. मग नसलेल्या आजाराची इंजेक्शनं सुरू होतात, रोज एक, आणि वर्षानुवर्षं. वेग चारच्या खाली घसरला असता तर मी तिला नाही म्हटलं नसतं.

रक्ताचे निकाल सगळे चांगले आले. एक्स-रे बोलका होता. हातातली आणि मनगटातली लहान हाडं ठरावीक क्रमाने तयार होतात, टोकांजवळचे कूर्चेचे पट्टे हळूहळू भरत जातात. नमुन्यांशी ताडून बघितलं तर या मुलाच्या हाताचं वय आठ वर्षं निघालं. आठ वर्षांच्या मुलाची मधली उंची सुमारे १२७ सेंटीमीटर असते. हा १२६.४. म्हणजे त्याच्या हाडांच्या वयाला त्याची उंची अगदी साजेशी होती. त्याचं शरीर दोन वर्षं मागे चाललंय, तेवढी दोन वर्षं त्याला शेवटी जास्तीची मिळणार. बापाला मिळाली होती तशीच. वैद्यकीय भाषेत याला वाढ आणि वयात येणं यांतला प्रकृतिजन्य विलंब म्हणतात. घरात म्हणायचं तर, हा उशिरा उंची काढणारा मुलगा.

या टप्प्यावर माझ्याकडून एक चूक झाली. हाडांच्या वयावरून अंदाज काढून मी मुलासमोरच म्हणाले, "तू १६७ पर्यंत जाशील." त्याने तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला. अशा अंदाजात पाच सेंटीमीटर इकडे-तिकडे सहज होतात. एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांनी वाचला तर हाडांचं वय सहा महिन्यांनी वेगळं येऊ शकतं. आणि हाडं बरीच मागे असलेल्या मुलांत हा हिशेब थोडा जास्तच उंची दाखवतो. मी अंदाज सांगितला, त्याने वचन ऐकलं. पुढच्या भेटीत मी त्याच्याकडून वही मागून घेतली, त्या आकड्याभोवती १६० ते १७२ असा कंस काढला आणि का काढला ते समजावलं. त्याला ते आवडलं नाही, पण पटलं. आता कुठल्याही मुलाला मी एकच आकडा सांगत नाही.

आईच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पत्रातच लिहून दिली, कारण दवाखान्यात ऐकलेलं घरी जाईपर्यंत अर्धं राहतं. तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. उपाशी मुलाचं आधी वजन पडतं, याचं वजन उंचीला शोभेसं आहे. उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्या बंद करा, चांगलं जेवणाऱ्या मुलाची त्यांनी उंची वाढत नाही. दांडीला लटकायला हवं तर लटकू दे, पण त्याने हाडं लांबत नाहीत. इंजेक्शनाची आत्ता गरज नाही. उशीर झालेला नाही, कारण वाढीचे पट्टे अजून पूर्ण उघडे आहेत. चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची खूण दिसली नाही, तर तेव्हा पुन्हा तपासण्या आणि गरज पडली तर काही महिन्यांचे हार्मोनचे छोटे डोस, असा उपाय हाताशी आहे.

आणखी एक गोष्ट मी त्या पत्रात खाली रेघ मारून लिहिली. त्याला त्याच्या वयाप्रमाणे वागवा, उंचीप्रमाणे नाही. मी बोलत असताना आईने त्याच्या बुटाची नाडी वाकून बांधली होती, आणि त्याने ती बांधू दिली होती. आठ वर्षांच्या हाडांचा मुलगा दहा वर्षांचाच असतो. त्याला दहा वर्षांच्या मुलाची कामं द्या, तेवढाच राग सहन करा, तेवढीच मोकळीक द्या. चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांशी बोला आणि रांग नेहमी उंचीनेच का लावता, हेही विचारा.

सहा महिन्यांनी, त्याच पट्टीखाली, सकाळी, अनवाणी, तो १२८.९ भरला. अडीच सेंटीमीटर. वर्षाने १३१.३, म्हणजे वर्षभरात चार पूर्णांक नऊ. अजूनही तिसऱ्या रेघेवरच, अजूनही वर्गात सर्वांत बुटका. आईने या वेळी स्वतः तक्त्यावर ठिपका मांडला आणि जुन्या ठिपक्यांना पट्टी लावून बघितली. मुलगा दाराशी उभा राहून नाडी बांधत होता. वृषणांचा आकार अजून तीन मिलिलिटरच आहे. पुढचं माप सहा महिन्यांनी.